ठोक की तासावर?

नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी बाहेरची छोटी कामं घेणाऱ्या माझ्या मित्रमंडळींत एक वाद कायम चालू असतो. दुकानदाराला एकच ठोक रक्कम सांगायची, की तासाचा दर लावायचा? ठोकवाल्यांचं म्हणणं, आपल्याकडचा गिऱ्हाईक तासाचं गणित ऐकूनच घेत नाही. तासवाल्यांचं म्हणणं, ठोक किंमत सांगितली की माणूस पिळून घेतो. दोघांचंही खरं आहे, आणि म्हणूनच वाद संपत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. प्रश्न "ठोक की तासावर" असा विचारलाच जाऊ नये. एकाच कामाचे दोन भाग असतात. एका भागाला किती वेळ लागेल ते माझ्या हातात असतं, दुसऱ्याला किती लागेल ते गिऱ्हाइकाच्या हातात असतं. माझ्या हातातलं ठोक, त्यांच्या हातातलं वेळेवर. बस्स. पण हे बोलायला सोपं आहे, कोटेशन लिहिताना नेमकं काय कुठे टाकायचं तिथे गाडी अडते. म्हणून एक प्रत्यक्ष काम घेऊन सांगतो.

(त्याआधी एक कंटाळवाणी पण गरजेची गोष्ट. आपलं अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. २०२२ साली विप्रोने ३०० लोकांना मूनलायटिंगच्या कारणावरून काढलं होतं, ती बातमी सगळ्यांनी वाचलीय. ती मंडळी स्पर्धक कंपन्यांसाठी काम करत होती असं कंपनीचं म्हणणं होतं. आपलं काम पेठेतल्या दुकानाचं असलं तरी लेटरमध्ये "इतर कुठलाही व्यवसाय" असं लिहिलेलं असेल तर एचआरकडून लेखी परवानगी घ्या. असो.)

तर काम होतं पुण्यातल्या एका बिछायत केंद्राचं. म्हणजे लग्नकार्याला खुर्च्या, टेबलं, गाद्या, लोड, टोप, ताटं, चमचे भाड्याने देणारं दुकान. मालक साठीच्या पुढचे, मी त्यांना काका म्हणतो, ते मला "साहेब" म्हणतात आणि कितीही सांगितलं तरी सोडत नाहीत. सगळा कारभार एका जाडजूड रजिस्टरवर. तारखेचं एक पान, त्यावर कोणाला काय गेलं. अडचण अशी की माल एका तारखेला जातो आणि दोन-तीन दिवसांनी परत येतो. मधल्या तारखेची ऑर्डर घेताना मागची पानं उलटायची राहिली, की त्याच खुर्च्या दोघांना कबूल केलेल्या असतात. लग्नसराईत हे झालं की दुसऱ्या दुकानातून जादा भाड्याने माल आणून वेळ मारून न्यावी लागते.

काकांचा पहिला प्रश्न अर्थातच, "साहेब, एकदाच काय तो आकडा सांगून टाका." मी आकडा सांगितला नाही. मी म्हटलं, आधी ५,००० रुपयांचं एक छोटं काम करू. दोन शनिवार मी तुमच्या गल्ल्याजवळ बसतो, ऑर्डरी कशा येतात ते बघतो, आणि तीन पानं लिहून देतो. पहिल्या पानावर तुमचं काम आज कसं चालतं, दुसऱ्यावर सॉफ्टवेअर काय काय करेल, तिसऱ्यावर काय करणार नाही. ती पानं तुमची. नाही पटलं तर ती घेऊन दुसऱ्या कोणाकडूनही करून घ्या.

हे ५,००० पुढच्या बिलातून वजा करायचे का असं बरेच जण विचारतात. मी करत नाही. वजा केले की ते ॲडव्हान्स होतात, आणि मग तुम्ही न बघितलेल्या कामाचा आकडा आधीच कबूल केल्यासारखं होतं. शिवाय जो दुकानदार तीन पानांसाठी ५,००० द्यायला तयार नाही, तो पुढे पन्नास-साठ हजार कसे देणार, हे तिथेच कळतं. माझ्या मते सगळ्या कोटेशनमधला हा सर्वात स्वस्त आणि सर्वात कामाचा तुकडा.

गल्ल्याजवळ बसल्याचा फायदा काय झाला बघा. "माल शिल्लक आहे का ते दाखवणे" ही यादीतली एक ओळ. ऐकताना वाटतं तासाभराचं काम. मागितलेल्या तारखांशी आडव्या येणाऱ्या सगळ्या ऑर्डरी शोधायच्या, खुर्च्यांची बेरीज करायची, एकूणातून वजा करायची. पण हे उत्तर चुकतं! समजा एकूण खुर्च्या ६००. गिऱ्हाइकाला हव्यात १० ते १४ तारखेला. एक ऑर्डर १० आणि ११ ची आहे, ३५० खुर्च्यांची. दुसरी १३ आणि १४ ची, ३०० खुर्च्यांची. बेरीज ६५०, म्हणजे शिल्लक काहीच नाही. पण या दोन ऑर्डरी एकमेकींना कधीच भेटत नाहीत. पहिलीच्या खुर्च्या परत आल्यावर दुसरीला जातात. कुठल्याही एका दिवशी जास्तीत जास्त ३५० बाहेर आहेत, म्हणजे २५० खुर्च्या खुशाल देता येतात. दर दिवसाची वेगळी बेरीज करून त्यातली सर्वात मोठी धरायला हवी. त्यात टोप आणि ताटं परत आल्यावर धुवायला एक दिवस जातो, खुर्च्यांना लागत नाही. म्हणजे प्रत्येक वस्तूला "परत आल्यावर किती दिवस थांबायचं" हा आकडा हवा. एका ओळीचं काम माझ्या अंदाजपत्रकात सहा तासांचं झालं.

पण लक्षात घ्या, हे कठीण असलं तरी माझ्या हातातलं आहे. नियम एकदा समजला की काका रोज बदलत नाहीत. हे ठोकमध्ये घालायला मला भीती वाटत नाही.

आता भीती कशाची वाटते ते सांगतो. वस्तूंची यादी! दुकानात चार माणसं, आणि एकाच भांड्याला रजिस्टरमध्ये तीन नावं. कुणी "टोप मोठा" लिहितो, कुणी "टोप २० किलो", कुणी नुसतंच "भाताचं". यादी नीट केल्याशिवाय सॉफ्टवेअरचा शून्य उपयोग, आणि ती मी करू शकत नाही, कारण गोडाऊनमध्ये किती टोप आहेत ते मला माहीत नाही. दुसरी गोष्ट शिकवणं. गल्ल्यावरचा मुलगा एका बैठकीत शिकेल की चार, कोण सांगणार? तिसरी गोष्ट जुन्या, आधीच घेतलेल्या ऑर्डरी रजिस्टरमधून आत भरणं. या तिन्हींना माझ्याकडून २ तास लागतील की २० हे काकांवर अवलंबून आहे.

ह्याला तासाचा दर लावायचा म्हटलं की मराठी दुकानदाराच्या कपाळावर आठी येते. त्यात कंजूषपणा नाही. तुम्ही घरी बसून तीन तास काम केलंत की दीड, हे त्याला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीचे पैसे कोण देईल? पण व्हिजिट मात्र त्याला दिसते. एसीवाला येतो त्याची व्हिजिट असते, वजनकाटा दुरुस्त करणारा येतो त्याची असते. म्हणून मी तास म्हणतच नाही. एक व्हिजिट साधारण तीन तासांची, २,५०० रुपये. तुमच्या दुकानात, तुमच्या समोर. प्रत्येक व्हिजिटनंतर काय केलं त्याच्या दोन ओळी व्हॉट्सॲपवर, त्याच दिवशी.

तरीही काका म्हणालेच, "पण साहेब, हे दोन-दोन हिशेब कशाला?" तेव्हा मी त्यांचंच दरपत्रक पुढे केलं. त्यावर काय लिहिलंय? खुर्चीचं भाडं ठरलेलं. टेम्पोचं भाडं अंतरावर. आणि खाली ठळक अक्षरात, तूटफूट व हरवलेल्या वस्तूंची किंमत नगाप्रमाणे वेगळी. का बरं? तूटफूट भाड्यातच का धरत नाही तुम्ही? काका हसले. "अहो, धरली तर लोक ताटं फ्रिसबीसारखी फेकतील!" मग म्हटलं, माझंही तेच आहे. सॉफ्टवेअर म्हणजे भाडं, यादी आणि शिकवणं म्हणजे तूटफूट. त्यानंतर हा विषय पुन्हा निघाला नाही. दरपत्रक तर प्रत्येक धंद्याचं असतं, त्यात ठरलेलं काय आणि वेगळं काय हे आधी वाचून जावं. टेलर, मंगल कार्यालय, गॅरेज, सगळ्यांकडे ही विभागणी असतेच.

आता ठोक आकडा कसा काढला ते. मी प्रत्येक भागाचे तीन अंदाज लिहितो. सगळं सुरळीत झालं तर, बहुधा, आणि सगळं वाकड्यात गेलं तर. या कामात त्यांच्या बेरजा आल्या ४०, ५५ आणि १०० तास. जुनं सूत्र आहे, १९५८ साली अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पात निघालेल्या पर्ट पद्धतीतलं. मधला अंदाज चार वेळा धरायचा, दोन टोकं एकेकदा, आणि सहाने भागायचं. ४० अधिक २२० अधिक १००, भागिले ६, म्हणजे ६० तास. आणि दोन टोकांतल्या फरकाचा सहावा भाग, म्हणजे १० तास, ही अनिश्चितता. मी ती वर धरतो. ७० तास, माझा दर तासाला ९००, म्हणजे ६३,०००. सूत्रात जादू काही नाही. त्याचा खरा उपयोग हा की तिसरा आकडा लिहायला भाग पडतं. इंजिनिअर लोक (मीही त्यातलाच) विचारल्यावर पहिला आकडा सांगतात, आणि तो नेहमी सगळं सुरळीत झालं तरचा असतो.

वाकड्यात जाण्याचं सर्वात मोठं कारण मला कुठे दिसत होतं? प्रिंटरमध्ये. माल जाताना चलन तीन प्रतींत लागतं, एक गिऱ्हाइकाला, एक टेम्पोवाल्याला, एक दुकानात. कार्बन लावून तीन प्रती काढायच्या तर डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच हवा, आणि तो त्यांच्याकडे होता. पण त्याच्या पोटात फक्त इंग्रजी अक्षरं. मराठी चलन छापायचं तर सगळं चित्र म्हणून जातं, आणि एक पान निघेपर्यंत टेम्पोवाला चहा पिऊन येतो. तिसऱ्या पानावर मी स्पष्ट लिहिलं, चलनावर वस्तूंची नावं इंग्रजी लिपीत येतील, बिल मराठीत लेझरवर. ती एक ओळ नसती तर १०० तासांचा अंदाज खरा ठरायला वेळ लागला नसता.

तासवाल्या मित्रांना माझा मुख्य आक्षेप आता सांगतो. तासावर काम केलं की तुमच्या अनुभवाची किंमत उलटी होते. चलन छापायचा बराचसा कोड माझ्याकडे आधीच्या एका कामातला तयार होता. तासावर असतो तर तो जवळपास फुकट गेला असता, आणि पहिल्यांदाच करणाऱ्याला त्याचे दहा तासांचे पैसे मिळाले असते. शिवाय गिऱ्हाईक फोन करायला घाबरतं. फोन केला की मीटर पडतं असं वाटतं, मग प्रश्न मनातच राहतो आणि चुकीचं काहीतरी बनतं. बनवण्याच्या काळात फोन मोकळेपणाने आलेच पाहिजेत.

आणि सर्वात वाईट प्रकार म्हणजे "तासावर करा, पण इतक्याच्या वर जाऊ नका." बाहेरून हे दोन्हींचा मध्य वाटतं. हिशेब करून बघा. काम लवकर झालं तर पैसे कमी, म्हणजे फायदा गिऱ्हाइकाचा. काम लांबलं तर मर्यादेवरचे तास तुमच्या खिशातून, म्हणजे तोटा तुमचा. ठोक कामात निदान लवकर संपवल्याचा फायदा तरी तुमच्याकडे राहतो. अशी अट कोणी घातली तर मी मर्यादेचाच आकडा ठोक म्हणून सांगतो, बरेच लोक मानतात.

पैशांचे टप्पे. ३० टक्के आधी, म्हणजे १८,९००. ४० टक्के, २५,२००, शिल्लक दाखवणं आणि चलन चालू झाल्यावर. उरलेले १८,९०० परतीची नोंद, तूटफूट आणि बिल चालू झाल्यावर. "चालू" म्हणजे काय हे लिहायला विसरू नका! मी लिहिलं होतं की खऱ्या १५ ऑर्डरी रजिस्टर आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे लिहायच्या, दोन्ही जुळल्या की टप्पा संपला. "काम पूर्ण झाल्यावर" असं लिहिलं तर शेवटचा हप्ता वर्षभर लोंबकळतो, कारण पूर्ण झालं असं कुठल्याच गिऱ्हाइकाला कधीच वाटत नाही.

वीकेंडचं गणितही त्यातच येतं. माझे एका शनिवार-रविवारी मिळून खरे ९ तास होतात, १६ नाही. ७० तास म्हणजे आठ वीकेंड, पाहुणे-सणवार धरून दहा-अकरा. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, त्याआधी दिवाळीपर्यंत सगळं चालू हवं. म्हणून आषाढात सुरुवात केली. चातुर्मासात लग्नं नसतात, काकांना वेळ असतो. मधे गणपतीचे दहा-बारा दिवस दोघांनाही सुट्टी, कारण पुण्यात तेव्हा बिछायतवाल्याशी सॉफ्टवेअरचं बोलायला गेलात तर तुम्हालाच खुर्च्या उचलायला लावतील.

मधे एकदा काकांची मागणी आली. लग्नसराईत भाड्याचा दर वेगळा असतो, तो आपोआप लागायला हवा. तीन पानांत नव्हतं. मी त्याच दिवशी एका ओळीचा मेसेज टाकला, सहा तासांचं काम, ५,४०० रुपये ठोक, करायचं का? संध्याकाळी उत्तर आलं, "राहू द्या, बिलात हाताने बदलू." वाद नाही, रुसवा नाही. ठोक कामात पिळून घेतात असं जे म्हणतात, त्यांनी मागणीला नकार दिलेला नसतो आणि किंमतही सांगितलेली नसते. तोंड वाकडं करून काम करून टाकतात आणि मग मित्रांकडे तक्रार करतात.

व्हॉट्सॲपचंही तसंच. बिल आपोआप व्हॉट्सॲपवर जावं म्हणाले. मी दोन किमती सांगितल्या. wa.me लिंकने गिऱ्हाइकाचा चॅट उघडेल, मजकूर भरलेला असेल, पाठवा हे बटण तुम्ही दाबायचं. पण पीडीएफ चिकटवता येत नाही, फक्त मजकूर. हे ठोकमध्येच बसतं. आपोआप पीडीएफ हवी तर व्हॉट्सॲपची बिझनेस सेवा लागते, मेसेजचे नमुने मंजूर करून घ्यावे लागतात आणि मेसेजमागे पैसे पडतात. त्यांनी लिंक घेतली. बिलाची रक्कम आणि बाकी एवढंच कळवायचं होतं म्हणे.

शेवटी प्रत्यक्ष काय झालं? सॉफ्टवेअरला ६६ तास लागले. व्हिजिटी मी काकांना चार सांगितल्या होत्या, लागल्या आठ. म्हणजे ६३,००० अधिक २०,०००, एकूण ८३,०००. (सुरुवातीचे ५,००० वेगळे.) आता तुलना करा. सगळं ठोक सांगितलं असतं, चार व्हिजिटी धरून, तर ७३,००० मिळाले असते. सगळं तासावर असतं तर ६६ आणि २४ मिळून ९० तासांचे ८१,०००. म्हणजे सगळं तासावर लावण्यापेक्षा मला फार काही जास्त मिळालं नाही, हे कबूल करायला हवं. तासवाले मित्र इथे टाळी मागतात.

पण आठच व्हिजिटी का लागल्या ते बघा. पहिल्या चार व्हिजिटी यादीतच गेल्या. मी लॅपटॉप उघडून बसायचो, काका गोडाऊनमधल्या माणसाला हाक मारायचे, तो यायचा वीस मिनिटांनी. चौथ्या व्हिजिटचे पैसे देताना काकांनी स्वतःच हिशेब केला, पुतण्याला बोलावलं आणि दोन दिवस गोडाऊनमध्ये उभं करून प्रत्येक भांड्यावर खडूने एकच नाव लिहून घेतलं. पाचव्या व्हिजिटला यादी तयार होती, सगळी, नगांसकट. उरलेल्या तीन व्हिजिटी शिकवण्यात आणि जुन्या ऑर्डरी भरण्यात गेल्या. हेच काम ठोकमध्ये असतं तर पुतण्या कधीच गोडाऊनमध्ये गेला नसता, आणि मी अजून दर शनिवारी "भाताचं म्हणजे कुठलं हो काका?" विचारत बसलो असतो.

एका बाबतीत मात्र मी सरळ वेळेवरच काम घेतो, कोणी काहीही म्हणो. दुसऱ्याने अर्धवट सोडलेलं सॉफ्टवेअर दुरुस्त करायचं असेल तेव्हा. आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही, तीन अंदाजांतला तिसरा लिहिताच येत नाही. तिथे मी चार तासांचे पैसे आधी घेतो, कोड वाचतो, डेटाबेसचा बॅकअप आहे का आणि सर्व्हरचा पासवर्ड कोणाकडे आहे एवढं तपासतो. त्यानंतर कधी ठोक आकडा देता येतो, कधी नवीनच करा असं सांगावं लागतं. पासवर्ड आधीच्या माणसाकडेच असेल आणि तो फोन उचलत नसेल, तर मी त्या चार तासांचं बिल लावून तिथेच थांबतो.